अठ्ठावीस म्हणजे किती?

अगं छोटे, तुझी यादी काल रात्री वाचली. झोपायच्या आधी दोन पानं चाळू म्हटलं आणि पेन्सिल घेऊन साडेबारापर्यंत बसले. न्यू जर्सीत एडिसनला मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी चाळीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं, कल्पना फारच छान आहे. शेजारणींना विचारून, नुकत्याच येऊन गेलेल्या काकांना विचारून तू सगळं गोळा केलंस, तेही दिसतंय. पण तेच बाधतंयही. दहा जणांनी दहा तऱ्हांनी आकडे सांगितले आणि तू ते जसेच्या तसे उतरवून घेतलेस. उत्तरं जवळजवळ सगळी खरी आहेत. एकाखाली एक ठेवली की मात्र ती एकमेकांना खोटी पाडतात.

रागावू नकोस हं. मी इतकी वर्षं मुद्रितं तपासण्यात घालवलीत, माझी नजरच तशी झालीय.

तुला मावशीची गोष्ट पूर्ण माहीत नाही. गेल्या वर्षी ती आली ना तुझ्याकडे, तेव्हा निघण्याआधी याच यादीचा पहिला खर्डा तिच्या फोनवर होता. दुसऱ्या उत्तरात तू लिहिलं होतंस, जुलैत दुपारी २९-३० अंश असतं. सहाव्या उत्तरात तुझ्या शेजारणीचं वाक्य होतं, मार्चअखेरीस रात्री कधीकधी २८पर्यंतसुद्धा उतरतं. मावशीने हिशेब केला, की मार्च संपताना तिथे रात्री २८ म्हणजे आपल्यापेक्षाही उकडतंय! तिने जाड कोट काढून ठेवला आणि त्या जागी लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. शेजारीण बोलत होती फॅरनहाइटमध्ये. २८ फॅरनहाइट म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २. विमानतळाबाहेर आल्यावर काय झालं ते तुला ठाऊकच आहे, तुझाच कोट घालून ती घरी आली.

आता यात चुकलं कोण? शेजारणीचं वाक्य बरोबर, तुझं बरोबर, मावशीनेही वेंधळेपणा केला नाही. यादी वाचताना माणूस वरच्या उत्तरातलं माप मनात धरून खालच्या उत्तराकडे येतो. वर २९ सेल्सिअस वाचलंय, तर खालचं नुसतं २८सुद्धा सेल्सिअसच. तिथे २८च्या ऐवजी ८५ असतं तर ती थबकली असती, कारण ८५ अंशात माणूस जगत नाही हे कुणालाही कळतं. धोका असतो तो दोन्ही मापांत खऱ्या वाटणाऱ्या आकड्यांचा. शून्य ते पंचेचाळीस हा सगळा पट्टा तसला आहे, आणि तुमच्याकडच्या हिवाळ्याचे फॅरनहाइटमधले आकडे बहुतेक त्यातच येतात. म्हणून उन्हाळ्याच्या उत्तरांपेक्षा थंडीच्या उत्तरांवर जास्त डोळा ठेव.

मग करायचं काय, तर आधी ठरवायचं की आकडा कुणासाठी आहे आणि तो कुठे वापरला जाणार. वाचणारे पुण्या-साताऱ्याकडचे साठी-सत्तरीचे लोक. हवा म्हटली की त्यांच्या डोक्यात सेल्सिअस असतं. पण तुझ्या घरातल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर, टीव्हीवरच्या हवामानात फॅरनहाइट. तर दोन्ही दे, पण क्रम कायमचा बांधून टाक. आधी सेल्सिअस, कंसात फॅरनहाइट, पहिल्या उत्तरापासून चाळिसाव्यापर्यंत. आत्ता तुझ्या यादीत जानेवारीच्या उत्तरात फॅरनहाइट आधी आहे, घराच्या हीटिंगच्या उत्तरात फक्त ‘७०वर ठेवतो’ आहे आणि जुलैच्या उत्तरात नुसतं सेल्सिअस. ती तिन्ही अशी होतील: ‘जानेवारीत दुपारी सुमारे ४ अंश सेल्सिअस (४० फॅरनहाइट), रात्री सुमारे उणे ३ अंश सेल्सिअस (२७ फॅरनहाइट).’ ‘घरात हीटिंग २१ अंश सेल्सिअसवर (७० फॅरनहाइट) ठेवलेलं असतं.’ ‘जुलैत दुपारी सुमारे २९ अंश सेल्सिअस (८५ फॅरनहाइट).’ प्रत्येक आकड्याला त्याचं माप चिकटलेलं हवं. एका वाक्यात एकदा लिहिलं म्हणून दुसऱ्यांदा गाळायचं नाही. वाचायला थोडं जड होतं, मान्य आहे. पण तुझी यादी सगळेच सलग वाचणार नाहीत गं, कुणी फोनवर सहावा प्रश्न उघडून तेवढाच वाचणार.

आणि ते उणे अक्षरात लिही. ‘-३’ असं लिहिलंस की फोनच्या बारक्या पडद्यावर ती आडवी रेघ आधीच्या ओळीच्या टोकाला राहते आणि पुढची ओळ नुसत्या ३ने सुरू होते. त्यात तुला ‘-३-४’ असं लिहायची सवय. हे उणे तीन ते चार, की उणे तीन ते उणे चार? दोन आकड्यांमध्ये ‘ते’ घाल आणि रेघेला सुट्टी दे.

एक चूक मात्र माझ्या नजरेतूनही आधी सुटली होती, दुसऱ्यांदा वाचताना सापडली. अकराव्या उत्तरात तू लिहिलंयस, वारा असला की हवा आणखी उणे १२ अंशांनी थंड वाटते. मला वाटतं मूळ वाक्य असं असणार, की वाऱ्यामुळे १० अंश फॅरनहाइटने कमी भासतं. तू १० फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस ते काढलंस, उत्तर आलं उणे १२, आणि तेच ठेवून दिलंस. हवेतलं तापमान आणि दोन तापमानांतला फरक यांचं रूपांतर वेगवेगळं असतं. तापमान बदलताना आधी ३२ वजा करायचे, मग ५ने गुणून ९ने भागायचं. फरक बदलताना मात्र ३२ला हात लावायचा नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी आलेले असतात आणि वजाबाकीत आपोआप उडतात. म्हणजे १० अंश फॅरनहाइटचा फरक सेल्सिअसमध्ये जेमतेम साडेपाच. ‘ने कमी’, ‘ने जास्त’, ‘चा फरक’ असे शब्द दिसले की थांबून पाहा.

आता तू म्हणशील, मग तापाच्या उत्तरातही सेल्सिअस आधी घालू का? अजिबात नको. आपल्या घरांत ही गंमतच आहे बघ, उन्हाचा पारा ४० म्हणतो आणि त्याच दमात बाळाला १०२ ताप आहे म्हणतो. ताप आपल्याकडे फॅरनहाइटमध्येच बोलला जातो, तुमच्याकडच्या डॉक्टरांच्या खोलीतही तसाच. तिथे ‘३८.९ अंश’ लिहिलंस तर आई घाबरायची त्याच्याऐवजी निवांत राहील. तर हवा आणि घर सेल्सिअस आधी, अंगातला ताप फॅरनहाइट, हे यादीच्या वर एका ओळीत सांगून टाक. एका जातीच्या आकड्याला एकच माप, एवढंच पाळायचं आहे. सगळ्या जगाला एकच माप लावायला गेलीस तर उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी लागेल, आणि पाच फूट दोन इंचांची मावशी स्वतःला ओळखणार नाही.

अंतरांचं जरा सोपं आहे. तुझ्याकडे काही मैलांत, काही किलोमीटरमध्ये आणि काही नुसती तासांत आहेत. येणारे लोक गाडी चालवणार नाहीत, त्यांना लांब-जवळचा अंदाज हवाय. म्हणून किलोमीटर आधी, आणि रस्त्यावरच्या पाट्यांशी मेळ बसावा म्हणून कंसात मैल. एडिसनहून मॅनहॅटन सुमारे ५५ किलोमीटर (३५ मैल). वेळ लिहायचाच असेल तर तो तिसरा, आणि सगळीकडे लिही. ‘नायगारा सात तास’ आणि ‘वॉशिंग्टन ३३० किलोमीटर’ अशी दोन उत्तरं शेजारी असली तर कुठलं लांब आहे हे कुणी कसं सांगावं?

मग ते ६४३.७! नायगाऱ्याचं अंतर विचारल्यावर कुणीतरी ‘चारशे मैल असेल’ म्हणालं. तू कॅल्क्युलेटरवर १.६०९३ने गुणलंस आणि ६४३.७ किलोमीटर लिहिलंस. ‘असेल’ म्हणून सांगितलेला आकडा गुणाकाराने दशांशापर्यंत पक्का कसा होईल? मुळात जेवढी खात्री होती तेवढीच रूपांतरानंतरही राहते. चारशे मैल हा अंदाज, तर साडेसहाशे किलोमीटर हाही अंदाजच, ‘सुमारे’ लावून. पाच मैलांचे आठ किलोमीटर हे प्रमाण लक्षात ठेवलंस की तोंडी हिशेब होतो आणि नको ते दशांश जन्मालाच येत नाहीत. लहान अंतरांनाही तेच. देवळापर्यंत चालत जायचं उत्तर ‘०.५ मैल’, ग्रंथालयाचं ‘१० मिनिटं’, बसथांब्याचं ‘५०० फूट’. तिघांनाही मीटर दे: ८००, साधारण तेवढंच असेल तर पुन्हा ८००, आणि १५०. ग्रंथालय मात्र आधी एकदा नकाशावर मोजून घे. दहा मिनिटं तुझी की गुडघे दुखणाऱ्या काकूंची, ते यादीला कळत नाही.

पैशांपाशी मी सगळ्यात जास्त पेन्सिल चालवलीय.

सगळ्यात आधी स्वल्पविराम. प्रवासी विम्याच्या उत्तरात तू $१,००,००० लिहिलंस, तीन ओळी खाली $५०,०००, आणि पुढच्या पानावर विम्याच्या कागदातून उचललेलं $100,000. आपण लाखाला स्वल्पविराम देतो, ते हजारांच्या तिहेरी गटांनी देतात. पन्नास हजारापर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात, लाखापाशी वाटा फुटतात. आपला वाचक 100,000 पाहून शून्यं मोजत बसतो आणि निम्मे लोक दहा हजार म्हणून मोकळे होतात. विमा एक लाखाचा घ्यायचा तिथे दहा हजाराचा वाटला तर किती महाग पडेल विचार कर. यावर माझा उपाय एकच, स्वल्पविरामाच्या भांडणात पडायचंच नाही. ‘१ लाख डॉलर’, ‘५० हजार डॉलर’ असं शब्दांत लिही. फक्त विम्याच्या उत्तरात एकदा सांग, की कागदावर हाच आकडा $100,000 असा छापलेला दिसेल. मिलियन कुठे आलं तर १० लाख कर. आणि ‘पावणेदोन लाख’ बोलायला गोड असलं तरी इथे नको, तुझ्या पिढीच्या मुलांनीही ही यादी वाचायची आहे आणि त्यांच्या पावणे-सव्वात गोंधळ असतो.

चलनाचं नुसतं चिन्हही ठेवू नकोस. तुमच्यातलं कुणी नायगाऱ्याला गेलं की पूल ओलांडून पलीकडे कॅनडाचं जेवणही घेतं, आणि तिथला डॉलरही $च असतो. तुझ्या बाराव्या उत्तरातलं जेवण अमेरिकेच्या बाजूचं की कॅनडाच्या, मला कळलं नाही. वर एकदा लिही, या यादीत डॉलर म्हणजे अमेरिकी डॉलर. अपवाद असेल तिथे ‘कॅनडाचे डॉलर’ असं पूर्ण.

आता रुपये. लोकांना रुपयांतच कळतं, म्हणून प्रत्येक रकमेपुढे कंसात रुपये द्यायची तुझी कल्पना बरोबर आहे. पण एका उत्तरात तू ८३ने गुणलंयस, दुसऱ्यात ८५ने, आणि काकांनी सांगितलेल्या रकमा त्यांच्या वेळच्या भावाने आहेत. त्यामुळे २० डॉलरचं तिकीट एका ठिकाणी १६६० रुपये आणि दुसऱ्या ठिकाणी १७०० रुपये झालंय. वाचणाऱ्याला वाटेल दोन वेगळी तिकिटं आहेत. एक गोल भाव धर. समज ८५ धरलास, तर तो तारखेसह यादीच्या वर लिही आणि खाली सगळीकडे तोच चालव. भाव पुढे बदलला तर निदान माणसाला स्वतः गुणता येईल. दर आठवड्याला यादी दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यातच अर्धी जुनी अर्धी नवी होते.

गोलाई करताना एक जपायचं. चार जणांच्या तिकिटांचं उत्तर बघ. १२.५० डॉलर म्हणजे १०६२.५० रुपये, ते गोल करून तू ११०० केलंस आणि चाराने गुणून ४४०० लिहिलंस. आधी डॉलरमध्येच बेरीज कर, ५० डॉलर, आणि मग एकदाच गुण, ४२५०. गोल करायचं ते सगळ्यात शेवटी आणि एकदाच. दीडशेचा फरक काही मोठा नाही, पण खोचक काका तो बरोबर शोधतात. आपल्या घरातही एक आहेत.

याच्या उलट, जिथे आकडा नियमातून आलाय तिथे गोलाई अजिबात नको. सोबतची रोख १० हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर अमेरिकेत उतरताना ती जाहीर करावी लागते. नेऊ नये असं नाही, सांगायची असते. तू तिथे फक्त ‘साडेआठ लाखांपर्यंत नेता येतात’ लिहिलंस. एक तर नियम मर्यादेचा नाही, दुसरं म्हणजे नियम रुपयात नाही. भाव हलला की तुझे साडेआठ लाख खोटे पडतात, १० हजार डॉलर तसेच राहतात. तिथे डॉलर ठळक आणि रुपये ‘आजच्या धरलेल्या भावाने सुमारे’ म्हणून.

आणि कर! हे मला तुझ्या भाचीने सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. आपल्याकडे छापील किमतीत कर धरलेला असतो, तुमच्याकडे तो गल्ल्यावर चढतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, आणि न्यू जर्सीत कपड्यांवर नाहीच. तुझ्या यादीत बॅगेची किंमत ६० डॉलर आहे ती लेबलावरची, जेवणाची २५ डॉलर आहे ती कर आणि टिप धरून. दोन्ही एकाच स्तंभात. ६० डॉलरची बॅग घेताना हातातून ६४च्या आसपास जातात. माप सारखं झालं तरी मोजायचं काय हे वेगळं असेल तर तुलना फसतेच. सगळ्या रकमा ‘हातातून जाणारे पैसे’ अशा कर, लेबलाच्या नकोत. जेवणात टिप धरलीस तर तेही वरच्या ओळीत सांग.

आकड्यांची लिपीही एक कर. अर्धी उत्तरं तू देवनागरी आकड्यांत लिहिलीस, अर्धी पेस्ट केलेली इंग्रजी आकड्यांत. आपला १ त्यांच्या 9सारखा दिसतो आणि आपला ४ त्यांच्या 8सारखा. सगळे देवनागरी असले तर डोळा चुकत नाही, सगळे इंग्रजी असले तरी नाही. मिसळले की ‘४० डॉलर’ चष्म्याशिवाय ऐंशी होतात. मी देवनागरीच्या बाजूने आहे, पण तू इंग्रजी म्हणालीस तर भांडणार नाही. कागदावर किंवा पाटीवर जसं दिसतं तसंच दाखवायचं असेल, तेवढंच वेगळं ठेव.

तपासायची माझी रीत सांगते, छापखान्यातली आहे. उत्तरं वाचायचीच नाहीत. फक्त आकडे असलेली वाक्यं उचलून तीन वेगळ्या पानांवर लावायची, एकावर तापमान, एकावर अंतर, एकावर पैसे. प्रश्नांचा संदर्भ गेला की विसंगती उघड्या पडतात. एकाखाली एक ‘२१, ७०, २९, उणे ३’ दिसलं की ते ७० आपोआप ओरडतं. फाइलमध्ये ‘अंश’, ‘मैल’, ‘किमी’, ‘डॉलर’, ‘$’ एकेक करून शोध, म्हणजे एकच गोष्ट तू किती तऱ्हांनी लिहिलीस तेही दिसेल. मग प्रत्येक कंसातला आकडा उलटा फिरवून पाहा. फॅरनहाइटमधून ३० वजा करून निम्मे केले की सेल्सिअस जवळपास येतं: ७०चे २०, ८५चे साडेसत्तावीस. एक-दोन अंशांनी चुकतं, म्हणून हे यादीत लिहायला वापरू नकोस, पण कंसात कुणी भलतंच बसलंय का ते पकडायला पुरतं. शेवटी यादी मावशीला पाठव आणि सांग, फक्त सहावं उत्तर उघड आणि बॅगेत काय भरशील ते सांग.

बाकी पानांवरच्या खुणा फोटो काढून पाठवते. एकोणिसाव्या उत्तराला मात्र मी हात लावला नाही. तुमच्या इमारतीतल्या कपडे धुण्याच्या यंत्राला किती पैसे लागतात, त्यावर तू ‘आठ क्वार्टर’ लिहिलंयस. आधी मी ते खोडून २ डॉलर (१७० रुपये) करणार होते. मग आठवलं, मावशी दोन डॉलरची नोट घेऊन त्या यंत्रासमोर अर्धा तास उभी होती. तिथे क्वार्टरच राहू दे, कंसात पंचवीस सेंटची नाणी लिही, आणि ती कुठे सुटी करून मिळतात तेही.